मशरूम तपकिरी न होता पाणी सोडतं आणि रबरासारखं लागतं: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

हे सगळं बाजारात सहज मिळणाऱ्या पांढऱ्या बटण मशरूमबद्दल आहे. धिंगरी आणि इतर जातींना यातलं बरंचसं लागू पडतं, पण वजनं आणि वेळा बटण मशरूमच्या आहेत.

आधी लक्षणं ओळखा

तक्रार एकच असते, "मशरूम नीट होत नाहीत". पण बिघाड वेगवेगळे असतात, म्हणून आपलं नेमकं काय होतंय ते आधी बघून घ्या.

- पॅनमध्ये टाकल्यावर दोन-तीन मिनिटांत तळाशी करडं पाणी साचतं. चुरचुर आवाज बंद होतो आणि बुडबुड ऐकू येते.
- मशरूम शिजलेली दिसतात, पण रंग करडा, पृष्ठभाग निसरडा. चावताना दाताखाली रबर आल्यासारखी उसळतात.
- रंग आला, पण तुकडे सुकून आक्रसले आणि चामड्यासारखे चिवट झाले.
- मधले तुकडे करपले, कडेचे पांढरेच राहिले.

पहिली दोन लक्षणं एकाच बिघाडाची आहेत, फक्त टप्पा वेगळा. तिसरं अगदी उलट टोकाचं आहे, त्यावर पहिल्या दोघांचा उपाय केला तर आणखी बिघडेल. चौथं लक्षण दिसलं तर मशरूमला दोष देऊ नका, तो पॅनचा प्रश्न आहे.

मुळात होतं काय

ताज्या बटण मशरूमच्या वजनात साधारण ९२ टक्के पाणी असतं. म्हणजे २०० ग्रॅम मशरूम घेतली की १८० ग्रॅमहून जास्त पाणी आपण पॅनमध्ये टाकत असतो. गरम होताच पेशी कोलमडतात आणि हे पाणी बाहेर यायला लागतं. ते अडवता येत नाही आणि अडवायचंही नसतं. प्रश्न एवढाच, की जितक्या वेगाने पाणी बाहेर येतंय तितक्या वेगाने ते वाफ होऊन जातंय का.

जात नसेल तर ते साचतं. पाणी साचलं की आच कितीही मोठी करा, त्या पाण्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर चढत नाही. खमंग तपकिरी रंग आणि तो भाजका वास यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या आसपास तरी पोचावा लागतो. ओल्या पृष्ठभागाला तिथे पोचताच येत नाही. म्हणून पाण्यात बुडालेलं मशरूम अर्धा तास शिजवलं तरी करडंच राहतं.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. भाज्या जास्त शिजल्या की लगदा होतात, कारण त्यांच्या पेशींना जोडणारं पेक्टिन उष्णतेने विरघळतं. मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, आणि कायटिन स्वयंपाकाच्या तापमानाला विरघळत नाही. त्यामुळे मशरूम जास्त शिजून गळून पडत नाही. रबरी लागणारं मशरूम बहुतेक वेळा जास्त शिजलेलं नसतंच, ते अर्ध्यावर उतरवलेलं असतं. पाणी सुटलंय, पण गेलेलं नाही आणि पृष्ठभाग भाजलेला नाही, असा तो मधला टप्पा. खाण्याच्या दृष्टीने मशरूमची सगळ्यात वाईट अवस्था तीच.

आता तपासणी. फुकटच्या गोष्टी आधी, खर्चाच्या नंतर.

१. आपण लवकर थांबतोय का?

पाणी दिसलं की "बिघडलं" म्हणून गॅस बंद करणं किंवा तसंच ग्रेव्हीत ढकलणं, ही सगळ्यात मोठी चूक. आधी आच मोठी ठेवा, झाकण काढा, तुकडे पॅनभर पसरवा आणि पाणी पूर्ण आटू द्या.

इथे डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा ठेवा. सुरुवातीला चुरचुर येते. पाणी सुटलं की आवाज जड होतो, खदखद-बुडबुड. पाणी संपत आलं की ती खदखद विरते आणि पुन्हा कोरडी, बारीक तडतड सुरू होते. ही दुसरी तडतड म्हणजे खरी सुरुवात. पाणी गेलेलं असतं, तेलाचं तापमान चढायला लागलेलं असतं आणि रंग यायला तिथून पुढे ३ ते ४ मिनिटं लागतात. अनेक जण ही तडतड ऐकू येताच "झालं" म्हणून उतरवतात. तिथे फक्त पाणी आटण्याचं काम झालेलं असतं.

पाणी फारच साचलं असेल, म्हणजे तुकडे अर्धे बुडाले असतील, तर पॅन तिरका करून ते एका वाटीत काढून घ्या. टाकू नका, चवीचा चांगलाच भाग त्यात असतो. मशरूमला रंग आल्यावर तेच पाणी पॅनमध्ये परत ओता. अर्ध्या मिनिटात आटून ते तुकड्यांना चिकटतं आणि पॅनच्या तळाला लागलेला तपकिरी थरही सोडवून घेतं.

तिसरं लक्षण, म्हणजे सुकून चामडं होणं, असेल तर मात्र हा उपाय नको. ते बहुतेक वेळा मंद आचेवर खूप वेळ ठेवल्याने होतं. पाणी हळूहळू उडत राहतं, पृष्ठभाग पुरेसा तापत नाही, आणि रंग येईपर्यंत आतला ओलावाही संपलेला असतो. तिथे आच मोठी आणि वेळ कमी करायची. स्वयंपाकघरात काटा असेल तर अंदाज पक्का करता येतो. २०० ग्रॅम कच्च्या मशरूमची नीट भाजल्यावर साधारण १०० ग्रॅम राहतात. वजन १५० ग्रॅमच्या आसपास असेल तर ती अजून रबरी टप्प्यात आहेत. ७० ग्रॅमपर्यंत उतरलं असेल तर गाडी पुढे गेली.

२. झाकण, मीठ आणि कालथा

झाकण ठेवलं की वाफ वर जाऊन थेंब होते आणि तेच पाणी परत पॅनमध्ये पडतं. मशरूम भाजताना झाकणाचं काम नाही. खोल, उभ्या कडांचं पातेलं हे अर्धं झाकणच समजा. वाफ आतच घुटमळते. पसरट, उथळ भांडं घ्या.

मीठ सुरुवातीला घातलं तर ते पृष्ठभागावरच्या ओलाव्यात विरघळतं आणि पेशींमधलं पाणी बाहेर ओढतं. पाणी तसंही येणारच आहे, पण मिठामुळे ते एकदम, घाईघाईने येतं, आणि आपल्याला नेमका तोच वेग आवरायचाय. म्हणून २०० ग्रॅमला पाव चमचा मीठ, रंग आल्यानंतर. सोया सॉसचंही तेच. त्यात मीठ आहे आणि पाणीही. टोमॅटो, साय, लिंबू हे सगळं रंगानंतर. बारीक चिरलेला लसूण शेवटच्या मिनिटात, नाहीतर मशरूमला रंग येईपर्यंत तो करपून कडू होतो.

आता कालथा. सतत हलवत राहायची सवय मोडणं अवघड जातं, पण तुकडा तळाला टेकून एका जागी राहिला तरच त्याचा तो भाग तापतो आणि कोरडा होतो. दर दहा सेकंदांनी उलटवलं तर प्रत्येक बाजू थोडी तापते, मग वाफेत थंड होते. मशरूम टाकल्यावर पहिली २ मिनिटं हात लावू नका. मग एकदा परतवा, पुन्हा दीड-दोन मिनिटं सोडा. पूर्ण भाजणीत चार-पाच वेळा हलवलं तरी पुरतं.

३. मशरूम ओली होती का? धुण्याचा मुद्दा

"मशरूम कधीच धुवायची नाहीत, स्पंजासारखी पाणी पितात" हे वाक्य अर्धं खरं आहे. अख्ख्या, बंद टोपीच्या मशरूमची गुळगुळीत साल पाणी फारसं आत घेत नाही. पाणी शिरतं आणि अडकतं ते तीन ठिकाणी: देठाचा कापलेला बुंधा, टोपी उघडली असेल तर तिच्याखालच्या चुण्या, आणि चिरलेली बाजू. म्हणून अख्खं मशरूम नळाखाली झटकन धुणं आणि चिरलेले काप भांड्यात भिजत ठेवणं, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली चालते, दुसरी नाही.

पटत नसेल तर काट्यावर बघा. मशरूम धुण्याआधी तोला, धुऊन पुसून पुन्हा तोला. वाढलेलं वजन म्हणजे आणलेलं जादा पाणी. झटपट धुतलेल्या अख्ख्या मशरूममध्ये काही ग्रॅमांचाच फरक दिसेल. भिजवलेल्या कापांचं वजन करा, म्हणजे कोणती सवय सोडायची ते कळेल.

मशरूमवरचे काळे कण पाहून बिचकू नका. बटण मशरूम पाश्चरीकरण केलेल्या कंपोस्टवर वाढवतात आणि त्याच्यावर मातीसारखा एक पातळ थर पसरतात. हे कण बहुतेक त्या थराचे असतात. ते सालीवर नुसते चिकटलेले असतात, आत शिरलेले नसतात. सालही काढायची गरज नाही.

स्वच्छ करण्याची पद्धत अशी:

देठ काढण्याआधी आणि चिरण्याआधी स्वच्छ करा. कोरड्या मऊ ब्रशने किंवा सुती फडक्याने टोपी आणि देठ पुसून घ्या. देठाच्या बुंध्याला सगळ्यात जास्त माती असते, तिथला २-३ मिलिमीटरचा चकतीएवढा भाग कापून टाका. बहुतेक मशरूम एवढ्यावर स्वच्छ होतात. न निघणाऱ्या डागांसाठी फडकं किंचित ओलं करून घट्ट पिळा आणि त्याने पुसा.

माती खूपच असेल तर धुवा, पण असं. चाळणीत एक थर मशरूम ठेवा, देठ खाली, टोपी वर, म्हणजे पाणी सालीवरून ओघळून जाईल. वाहत्या नळाखाली १० ते १५ सेकंद चाळणी हलवत धरा. लगेच झटका. सुती फडक्यावर ओता, दुसऱ्या फडक्याने वरून टिपून घ्या आणि देठ खालीच ठेवून १५ मिनिटं हवेवर पसरून ठेवा, पंखा असेल तर त्याखाली. मग कोरडा कागदी रुमाल टोपीवर दाबून बघा. रुमालावर ओला डाग उमटला तर आणखी थोडं थांबा. टोपी छत्रीसारखी उघडलेली आणि खालच्या चुण्या दिसणारी मशरूम मात्र नळाखाली नको, ती पुसूनच घ्या. चुण्यांत गेलेलं पाणी टिपता येत नाही.

मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा सल्ला बऱ्याच जागी दिसतो. त्यात भिजवणं आणि मीठ या दोन्ही चुका एकदमच होतात.

धुतलेली मशरूम ठेवून देऊ नका, पाणी राहिलं की ती लवकर निसरडी होतात. धुवायचं ते शिजवायच्या आधी. प्लास्टिकच्या बंद डब्यात आतून थेंब जमले असतील तर मशरूम कागदी पिशवीत काढून फ्रिजमध्ये ठेवा. एक-दोन दिवसांत ती जराशी सुकतात, आणि भाजण्यासाठी अशी किंचित सुकलेली मशरूम ताज्यापेक्षा सोपी जातात.

४. एका वेळी किती टाकतोय?

आधीच्या तीन तपासण्यांनी सुटलं नाही, तर बहुतेक वेळा घोडं इथे अडलेलं असतं. पॅन किती मोठा घ्यायचा हे सगळेच सांगतात. पण आपली शेगडी एका मिनिटात किती पाणी उडवू शकते, हे कोणी विचारात घेत नाही. ते मोजायला एक पातेलं आणि घड्याळ पुरतं.

एक लिटर साधं पाणी झाकण ठेवून, मशरूमसाठी वापरता त्याच बर्नरवर, पूर्ण आचेवर उकळायला ठेवा आणि किती मिनिटं लागतात ते बघा. पाणी खोलीच्या तापमानापासून उकळेपर्यंत जितकी उष्णता घेतं, त्याच्या सुमारे सातपट उष्णता ते सगळं पाणी वाफ करून उडवायला लागते. म्हणून १०० ग्रॅम पाणी, म्हणजे लिटरचा दहावा भाग, उडवायला लिटरभर पाणी उकळायला लागलेल्या वेळेच्या साधारण पाऊणपटीला थोडा कमी वेळ लागतो. पॅन आणि पातेलं वेगळं असल्यामुळे हा अंदाजच आहे, पण कामापुरता चोख.

समजा, लिटरभर पाणी ६ मिनिटांत उकळलं. मग १०० ग्रॅम पाणी उडायला साधारण सव्वाचार मिनिटं. तळाचा व्यास २२ ते २४ सेंटिमीटर असलेल्या पॅनमध्ये २०० ग्रॅम काप जेमतेम एका थरात मावतात. त्यांना सुमारे १०० ग्रॅम पाणी गमवायचंय. म्हणजे चार-साडेचार मिनिटं पाणी जायला आणि पुढची ३-४ मिनिटं रंग यायला, एकूण ८ मिनिटांच्या आसपास. काप एका थरात असल्यामुळे सुटलेलं पाणी लगेच तापलेल्या तळावर येतं आणि उडतं. साचलंच तर पाणी किंचित ओलसर चमकण्याएवढंच दिसेल.

आता त्याच पॅनमध्ये ४०० ग्रॅम टाका. पाणी २०० ग्रॅम, ते उडवायला साडेआठ मिनिटं. पण मशरूम साडेआठ मिनिटं थांबून पाणी सोडत नाहीत. खालच्या थराची वाफ वरच्या थराला लागते, सगळा ढीग तीन-चार मिनिटांत गरम होतो आणि बहुतेक पाणी तेवढ्यातच सुटतं. तोवर शेगडीने जेमतेम निम्मं उडवलेलं असतं, उरलेलं खाली तळं करून बसतं. हिशेबाने बघितलं तर दोन खेपांत केलं काय आणि एकात केलं काय, पाणी उडवायचा एकूण वेळ सारखाच. म्हणून दोन खेपा करा. जास्तीची जातात ती फक्त दुसऱ्या खेपेला रंग यायची ३-४ मिनिटं, आणि भांडं एकदा रिकामं करावं लागतं. आणि पहिल्या खेपेची गरम मशरूम पसरट ताटात काढा, वाटीत ढीग केला की ती स्वतःच्याच वाफेत पुन्हा ओली होतात.

तुमच्याकडे लिटरभर पाण्याला १२ मिनिटं लागत असतील तर हिशेब दुप्पट. १०० ग्रॅम पाण्याला साडेआठ मिनिटं. अशा शेगडीवर २०० ग्रॅमसुद्धा तळं करणार. एका खेपेला १०० ग्रॅम घ्या, किंवा खाली दिलेली पाणी घालायची युक्ती वापरा.

हाच हिशेब धुण्याला लावून बघा. धुतल्यामुळे २० ग्रॅम पाणी जास्त आलं तरी ६ मिनिटांच्या शेगडीवर ते एका मिनिटाच्या आत उडतं. तेव्हा धुण्याला जितकं बदनाम केलंय तितका त्याचा गुन्हा नाही. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा ढीग असतो.

५. काप आणि तेल

काप ६ ते ८ मिलिमीटर जाडीचे करा. यापेक्षा पातळ काप रंग येईपर्यंत सुकून जातात आणि तिसरं लक्षण दिसतं. लहान मशरूमचे चार भाग केले तरी छान. सपाट कापलेली बाजू आधी तळाला टेकवा, रंग तिथेच धरतो.

२०० ग्रॅमला एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर तेल. टाकल्याबरोबर मशरूम ते शोषून घेतात आणि पॅन कोरडा दिसतो. इथे हात आवरा. पेशी कोलमडल्या की त्यातलं बरंचसं तेल परत बाहेर येतं. तेव्हा जादा ओतलेलं तेल शेवटी ताटात दिसतं. लोणी आवडत असेल तर ते शेवटी घाला. लोण्यात पाणीही असतं आणि दुधाचे घन कणही, आणि ते कण मशरूमला रंग येण्याआधीच काळे पडतात.

६. पॅन

मधले तुकडे करपणं आणि कडेचे पांढरे राहणं, हे पातळ बुडाच्या पॅनचं किंवा पॅनपेक्षा लहान बर्नरचं लक्षण. जाड बुडाचा स्टीलचा पॅन किंवा बिडाचा तवा मशरूम पडल्यावर एकदम थंडावत नाही, कारण त्याने आधीच उष्णता साठवलेली असते. गोल बुडाच्या कढईत तुकडे घरंगळून मध्ये जमतात आणि सुटलेलं पाणीही तिथेच, म्हणून सपाट बूड बरं.

स्टील किंवा बीड आधी रिकामं दोन-तीन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो चर्रकन उडाला पाहिजे किंवा मण्यासारखा पळाला पाहिजे. मग तेल, ते पातळ होऊन लाटांसारखं चमकलं की मशरूम. नॉनस्टिकला हा नियम लावू नका. रिकामं नॉनस्टिक मोठ्या आचेवर तापवत ठेवलं तर तापमान २६० अंशांच्या पुढे जाऊन लेप बिघडतो आणि त्याचा धूर श्वासात जाणं वाईट. त्यात तेल आधी घाला आणि आच मध्यमपेक्षा जराच मोठी ठेवा.

नवा पॅन विकत घ्यायचा विचार या टप्प्याआधी करू नका. मात्रा चुकलेली असेल तर महागडा पॅनही तळं करतो.

सगळं करूनही जमत नसेल तर: आधी पाणी, मग तेल

आच कमी असेल किंवा ४०० ग्रॅम एकदमच करायची असतील, तर पाण्याशी भांडणं सोडा. पॅनमध्ये ४०० ग्रॅम काप आणि पाव कप, म्हणजे ६० मिलिलिटर पाणी घाला. तेल नाही, मीठ नाही, झाकण नाही. मोठ्या आचेवर ठेवून अधूनमधून हलवा. घातलेलं पाणी वाफ होऊन सगळे तुकडे एकदम गरम करतं, पेशी लवकर कोलमडतात, काप निम्मे होऊन एका थरात मावतात. पाणी आटून कोरडी तडतड ऐकू येईपर्यंत थांबा. ६ मिनिटांच्या शेगडीवर याला दहा-अकरा मिनिटं लागतात. मग एक लहान चमचा तेल घाला आणि न हलवता रंग येऊ द्या, आणखी ४ ते ५ मिनिटं. पेशी आधीच मिटलेल्या असल्यामुळे मशरूम तेल पीत नाहीत, त्यामुळे एवढ्याशा तेलात सगळ्यांना रंग येतो.

गोठवलेल्या मशरूमला हीच पद्धत लावा, पण पाणी वेगळं घालू नका, त्यांचं ती स्वतःच भरपूर सोडतात. डब्यातली खारवलेली मशरूम आधीच शिजलेली असतात. निथळून, टिपून थोडा रंग आणता येतो, ताज्यासारखा येत नाही. आणि उरलेली भाजलेली मशरूम दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केली की पुन्हा रबरी लागतात, त्यापेक्षा तापलेल्या कोरड्या पॅनवर एक मिनिट पुरे.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

उकळण्याच्या चाचणीत वेळ पूर्वीपेक्षा बराच वाढलेला दिसला तर दोष स्वयंपाकात नाही, शेगडीत आहे. बर्नर पूर्ण थंड झाल्यावर त्याची टोपी काढून छिद्रं कोरड्या ब्रशने साफ करा, ती कोरडी करून नीट बसवा. एवढंच घरी करायचं. त्यानंतरही ज्योत निळी न राहता पिवळी-केशरी येत असेल आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरत असेल, तर गॅस नीट जळत नाहीये, आणि अशा जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. ती शेगडी वापरणं थांबवा आणि गॅसच्या मेकॅनिकला बोलवा. रेग्युलेटर, नळी, आतली नोझल यांना स्वतः हात घालू नका. गॅसचा वास येत असेल तर पुरवठा बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका आणि बाहेर जाऊन फोन करा. इंडक्शनवर पॅन तापत नसेल तर आधी बुडाला चुंबक चिकटतो का ते बघा. चिकटत असूनही तापत नसेल तर सर्व्हिस सेंटर, शेगडी उघडायची नाही.

मशरूमच्या बाबतीत थांबायची जागाही ठरलेली आहे. कापल्यावर बाजू तपकिरी पडणं हा हवेचा परिणाम आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. पण हाताला चिकट बुळबुळीत लागत असतील किंवा आंबूस, कुजका वास असेल तर ती टाकून द्या, भाजून सुधारत नाहीत. जंगलात किंवा बागेत उगवलेली आणि जाणकाराने ओळखून न दिलेली अळंबी या पोस्टवरून शिजवू नका. काही जातींतलं विष उकळून, भाजून किंवा वाळवून जात नाही, आणि त्याची लक्षणं खाल्ल्यानंतर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा दिसतात. अशी अळंबी खाल्ली गेली असेल तर त्रास सुरू व्हायची वाट न बघता, उरलेला तुकडा बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा.